डिलीट केलेल्या पोस्टच्या प्रती कुणाकडे उरतात?

प्रश्न: मी नववीत आहे. पुढच्या आठवड्यात परिपाठात मला पाच मिनिटं बोलायचं आहे. विषय आहे, ‘पोस्ट डिलीट केल्यावरही ऑनलाइन काय दिसत राहतं?’ शोधलं तर सगळीकडे ‘इंटरनेट काहीच विसरत नाही’ एवढंच सापडतं. हे खरं आहे का? मुलांना पटेल असं नेमकं काय सांगू? भाषणाचा नमुनाही दिलात तर बरं होईल.

उत्तर:

‘इंटरनेट काहीच विसरत नाही’ हे वाक्य भाषणात घेऊ नकोस, कारण ते खरं नाही. इंटरनेट भरपूर विसरतं. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती, असं तीत आढळलं. पानं कुणी मुद्दाम काढली, कुठे वेबसाइटच बंद पडली. तुझ्यासमोर बसलेल्या मुलांनाही हे अनुभवाने ठाऊक असतं. त्यांनी पूर्वी टाकलेलं कितीतरी आता त्यांनाच सापडत नाही. त्यामुळे ‘सगळं कायम राहतं’ असं म्हटलंस की त्यांचा तुझ्यावरचा विश्वास पहिल्या मिनिटालाच उडेल.

माझं काम वेबसाइटचे सर्व्हर सांभाळण्याचं आहे, आणि ‘हे पान काढा’, ‘हा फोटो काढा’ अशा विनंत्या माझ्याकडे सतत येतात. विनंती करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा एकच समज असतो, की पोस्ट म्हणजे एका जागी ठेवलेली एक वस्तू आणि ती उचलली की काम झालं. प्रत्यक्षात पोस्ट लोकांपर्यंत पोचते तीच मुळी तिच्या प्रती काढत काढत. डिलीटचं बटण दाबलं की ज्या कंपनीच्या ॲपवर पोस्ट टाकली त्या कंपनीला सांगितलं जातं, ‘तुझ्याकडची काढ.’ बाकीच्या प्रतींना हा निरोप पोचतच नाही. म्हणून ‘ते राहील का?’ असं न विचारता ‘प्रत कुणाकडे आहे?’ असं विचारलं की उत्तर शोधता येतं. माझ्या मते तुझं भाषण याच एका प्रश्नावर उभं राहायला हवं.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत लावून बघू. समज, एका मुलाने संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी त्याच्या सार्वजनिक खात्यावर संघातल्या दुसऱ्या मुलाबद्दल रागाने चार ओळी लिहिल्या आणि सोबत त्याचा मैदानावरचा फोटो टाकला. ६ वाजून ३२ मिनिटांनी राग उतरला आणि त्याने पोस्ट डिलीट केली. पोस्ट होती फक्त २२ मिनिटं. तेवढ्यात काय काय झालं असेल?

सगळ्यात आधी त्याच्या स्वतःच्या खात्यात बघू. इंस्टाग्रामवर डिलीट केलेली पोस्ट ‘नुकतंच डिलीट केलेलं’ या विभागात जाते आणि तिथे ३० दिवसांपर्यंत राहते. ती फक्त खातेदाराला दिसते आणि त्याला ती परत आणता येते, किंवा तिथूनही लगेच कायमची काढता येते. जगाला ती दिसत नाही. तरीही त्याचा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात गेला तर ती सापडू शकते. हे भाषणात एका वाक्यात उरक, कारण खरी गंमत पुढे आहे.

दुसरी जागा म्हणजे ज्यांनी ती पाहिली त्यांचे फोन. स्क्रीनशॉट सगळ्यांनाच माहीत असतो, त्यावर वेळ घालवू नकोस. मुलांना सहसा माहीत नसतं ते सूचनांबद्दल. अँड्रॉइड ११ पासून फोनच्या सेटिंगमध्ये सूचनांचा इतिहास ठेवण्याची सोय आहे. ती आपोआप चालू नसते, पण कुणी चालू केली असेल तर गेल्या २४ तासांत आलेल्या सूचना त्या यादीत वाचता येतात. सूचनेत मजकुराचे जेवढे शब्द आले होते तेवढे तिथे राहतात, मूळ मेसेज काढला तरीही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज साधारण दोन दिवसांपर्यंत ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करता येतो, आणि त्याच्या जागी मेसेज काढल्याची ओळ उरते. त्या ओळीने मेसेज जातो पण कुतूहल वाढतं, हे प्रत्येक ग्रुपमध्ये दिसतं. शिवाय कुणी तो मेसेज आधीच पुढे पाठवला असेल तर पुढे गेलेली प्रत स्वतंत्र असते. मूळ काढल्याने ती हलत नाही. फोटो आपोआप गॅलरीत साठवला गेला असेल तर काही फोनवर तोही तसाच राहतो.

तिसरी जागा अशी आहे की तिचा विचार मोठी माणसंही करत नाहीत. त्या २२ मिनिटांत कुणीतरी पोस्टची लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाकली. लिंक टाकताच तिच्याबरोबर एक छोटा चौकोन येतो, त्यात शीर्षक, मजकुराची एखादी ओळ आणि फोटोचं लहान रूप असतं. व्हॉट्सॲपवर हा चौकोन लिंक पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो आणि मेसेजचा भाग म्हणून पुढे जातो. ६ वाजून ३२ मिनिटांनी पोस्ट गेली, लिंकवर टिचकी मारली तर ‘हे पान उपलब्ध नाही’ असं येतं, पण चौकोनातलं शीर्षक आणि फोटो ग्रुपमध्ये दिसतच राहतात. हे परिपाठात दाखवण्यासारखं आहे, कारण इथे कुणी वाईट हेतूने काहीच केलेलं नाही. एकाने फक्त लिंक पाठवली होती.

वेबसाइटवरही असंच घडतं. बातम्यांची पानं लोकांच्या पोस्ट आपल्या पानात जशाच्या तशा बसवतात, त्याला एम्बेड करणं म्हणतात. एक्सवरची, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरची, पोस्ट अशी बसवली तर पानात जाणारा कोड थोडक्यात असा असतो:

```
<blockquote class="twitter-tweet">
  <p>पोस्टचा पूर्ण मजकूर इथे</p>
  <a href="https://twitter.com/...">तारीख</a>
</blockquote>
```

नीट बघ. पोस्टचा मजकूर त्या वेबसाइटच्या स्वतःच्या पानातच लिहिलेला आहे. मूळ पोस्ट डिलीट झाली की फोटो आणि सजावट जाते, पण या कोडमधला मजकूर त्या पानातच असतो. तो काढायचा तर त्या पानाच्या संपादकालाच सांगावं लागतं. हा कोड भाषणात वाचून दाखवू नकोस, पण संगणकाच्या तासाला कुणी विचारलं तर फळ्यावर लिहून दाखव.

चौथी जागा म्हणजे शोधयंत्रं. गूगलची यंत्रणा पानांवर फिरून त्यांची नोंद ठेवते आणि शोधल्यावर त्या नोंदीतलं शीर्षक व एखाद-दुसरी ओळ दाखवते. पोस्ट गेल्यावरही ती यंत्रणा त्या पत्त्यावर पुन्हा येईपर्यंत जुनी ओळ निकालात दिसू शकते. यासाठी गूगलचंच एक साधन आहे, कालबाह्य निकाल ताजा करण्याची विनंती करण्याचं. ते कुणालाही वापरता येतं, पान आपलं नसलं तरी. मात्र त्याची एक अट आहे आणि बहुतेक लोक तिथेच अडकतात: मूळ पान आधी गेलेलं किंवा बदललेलं असायला हवं. पान जिवंत असताना विनंती केली तर ती नाकारली जाते आणि लोकांना वाटतं साधन चालत नाही. क्रम उलटा झाला, एवढंच त्यातलं कारण असतं.

इथे एक जुनी माहिती टाळ. बऱ्याच तयार भाषणांत ‘गूगलच्या कॅशमध्ये जुनं पान बघता येतं’ असं असतं. निकालाशेजारचा तो दुवा गूगलने २०२४ च्या सुरुवातीला बंद केला. समोर संगणकाची आवड असलेला एखादा मुलगा बसलेला असेल तर तो हे लगेच पकडेल.

पाचवी जागा वेबॅक मशीन, म्हणजे इंटरनेट अर्काइव्हचा जुन्या वेबपानांचा संग्रह. इंटरनेट अर्काइव्ह ही ना-नफा संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती जपते आहे, आणि २००१ पासून त्या सगळ्यांना पाहायला खुल्या आहेत. तिच्या यंत्रणा स्वतः फिरून पानं साठवतात, शिवाय कुणीही एखाद्या पानाचा पत्ता देऊन त्याच क्षणी त्याची प्रत जमा करू शकतं. पण याचीही मर्यादा सांग: लॉगिन केल्याशिवाय जे दिसत नाही, ते सहसा तिथे पोचत नाही. खाजगी खात्यावरची पोस्ट, व्हॉट्सॲपचे मेसेज, बंद ग्रुपमधल्या गप्पा तिथे सापडत नाहीत. आपल्या उदाहरणातला मुलगा फार प्रसिद्ध नसेल तर २२ मिनिटांत त्याची पोस्ट तिथे जाण्याची शक्यता कमीच आहे. भीती दाखवण्यासाठी ती फुगवू नकोस.

फोटोबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. पोस्टला एक पत्ता असतो आणि तिच्यातल्या फोटोला स्वतःचा वेगळा पत्ता असतो. फोटो लवकर उघडावेत म्हणून कंपन्या त्यांच्या प्रती जगभरच्या सर्व्हरवर ठेवतात. पोस्ट काढली तरी त्या सर्व्हरवरची प्रत लगेच जाईलच असं नाही. २००९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी १६ वेबसाइटवर फोटो चढवले, मग डिलीट केले आणि फोटोचे थेट पत्ते तपासत राहिले. ३० दिवसांनंतरही ७ वेबसाइटवर फोटो उघडत होते. फेसबुकवर तर ही अडचण काही वर्षं राहिली आणि २०१२ मध्ये ती दुरुस्त झाली. आता मोठ्या कंपन्यांची व्यवस्था बरीच सुधारली आहे, पण लहान वेबसाइटवर हे अजून घडतं. तपासायचं असेल तर पोस्ट काढण्याआधी फोटो वेगळ्या टॅबमध्ये उघडून त्याचा पत्ता कॉपी करून ठेवायचा, आणि पोस्ट काढल्यावर तोच पत्ता ब्राउझरच्या खाजगी खिडकीत उघडायचा. नेहमीच्या खिडकीत तपासलं तर फसगत होते, कारण तुझाच ब्राउझर आपल्याकडे साठवलेला जुना फोटो दाखवतो आणि आपल्याला वाटतं तो सर्व्हरवर आहे. ‘फोटो अजून दिसतोय’ म्हणून घाबरून आलेल्या कितीतरी तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

म्हणजे आपल्या मुलाच्या २२ मिनिटांचा हिशेब असा लागतो: मूळ पोस्ट गेली, तिच्यावरचे लाइक आणि खालचं संभाषण गेलं, ज्यांनी पाहिली नव्हती त्यांच्यासाठी ती अस्तित्वातच नाही. उरलं ते दोन-तीन फोनमधले स्क्रीनशॉट, ग्रुपवरच्या लिंकचा चौकोन, कदाचित एखाद्याच्या सूचनांच्या यादीतली अर्धी ओळ आणि कदाचित काही दिवसांपुरती शोधनिकालातली ओळ. यातलं काय कायमचं आणि काय तात्पुरतं, हे त्या त्या माणसावर आणि यंत्रणेवर ठरतं. म्हणूनच लवकर डिलीट करण्याला अर्थ आहे. २२ मिनिटांत जेवढ्या प्रती होतात त्यापेक्षा दोन दिवसांत कितीतरी जास्त होतात. ‘आता डिलीट करून काय उपयोग’ असं मुलांना वाटू देऊ नकोस.

डिलीट करण्याआधी मात्र एक गोष्ट करायला हवी, ती फारसं कुणी सांगत नाही. आपल्या पोस्टची पूर्ण प्रत स्वतःकडे ठेवायची, पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल अशी. मूळ पोस्ट गेल्यावर कुणी स्क्रीनशॉटमधले शब्द बदलून फिरवले, तर ‘मी असं लिहिलंच नव्हतं’ हे दाखवायला मूळच उरत नाही. स्क्रीनशॉटमध्ये शब्द बदलणं अवघड नसतं, आणि शाळेतल्या भांडणांमध्ये असे बदललेले स्क्रीनशॉट येतात. ज्याच्याविषयी वाईट लिहिलं गेलं त्या मुलानेही हेच करायचं: समोरचा पोस्ट काढून टाकेल त्याआधी पत्ता आणि वेळेसह प्रत घ्यायची, आणि मग पालकांना किंवा शिक्षकांना सांगायचं.

याला एकच अपवाद आहे आणि तो भाषणात नक्की घे. अठरा वर्षांखालच्या कुणाचा उघडा किंवा अर्धवट कपड्यांतला फोटो असेल तर पुरावा म्हणूनही त्याची प्रत काढायची नाही, कुणाला पाठवायची नाही. लगेच विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. अशा फोटोंसाठी अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेची ‘टेक इट डाउन’ नावाची विनामूल्य सेवा २०२३ पासून आहे. ती फोटो मागत नाही. फोटोवरून त्याच फोनवर एक आकड्यांची ओळख तयार होते, फक्त ती ओळख संस्थेकडे जाते, आणि सहभागी कंपन्या आपल्या वेबसाइटवर तसा फोटो सापडला तर काढू शकतात. एकमेकांच्या फोनवरच्या बंद गप्पांमध्ये तिचा उपयोग होत नाही, पण फोटो सार्वजनिक जागी पसरायचा थांबवण्यासाठी ती फार मोलाची आहे.

आता भाषण. पाच मिनिटांत सावकाश बोललं तर पाचेकशे शब्द पुरेसे होतात, आणि मध्ये टाळ्या किंवा हशा येतो म्हणून मी त्याहून बरेच कमी ठेवले आहेत. हे जसंच्या तसं पाठ करू नकोस, वाक्यं तुझ्या बोलण्यासारखी करून घे.

> आदरणीय मुख्याध्यापक, शिक्षकवृंद आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो,
>
> ज्यांनी आजवर एकदा तरी काहीतरी पोस्ट करून लगेच डिलीट केलंय, त्यांनी हात वर करा. माझाही हात वर आहे.
>
> आता मी तुम्हाला एका मुलाची गोष्ट सांगतो. ती मी रचलेली आहे, पण तिच्यातली प्रत्येक गोष्ट रोज घडते. या मुलाने संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रागाच्या भरात संघातल्या मित्राबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्याचा फोटो टाकला. सहा बत्तीसला त्याला पश्चात्ताप झाला. त्याने पोस्ट डिलीट केली आणि सुटकेचा श्वास सोडला.
>
> त्या बावीस मिनिटांत एका मुलीने स्क्रीनशॉट काढला. तिला तो कुणाला दाखवायचा नव्हता, तिने नुसता काढला. एका मुलाने वर्गाच्या ग्रुपवर लिंक टाकली. लिंक आता उघडत नाही, पण लिंकखालच्या चौकोनात तो फोटो अजून दिसतो. आणखी एकाच्या फोनवर सूचना आली होती, ती त्याच्या फोनच्या यादीत होती. यातल्या एकानेही काही चुकीचं केलं नव्हतं. तरीही पोस्टच्या तीन प्रती तीन फोनमध्ये होत्या, आणि त्यातल्या एकाही प्रतीला डिलीटचा निरोप गेला नाही.
>
> लोक म्हणतात, इंटरनेट काहीच विसरत नाही. हे खरं नाही. दहा वर्षांपूर्वीची शंभर वेबपानं उघडायला गेलात तर त्यातली अडतीसच्या आसपास उघडणार नाहीत. अडचण वेगळीच आहे. काय राहणार आणि काय जाणार, हे पोस्ट टाकणारा ठरवत नाही. ज्याच्याकडे प्रत आहे, तो ठरवतो.
>
> मग डिलीट करायचंच नाही का? करायचं, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. बावीस मिनिटांत तीन प्रती झाल्या, दोन दिवसांत तीनशे होऊ शकल्या असत्या. फक्त डिलीट करण्याआधी आपल्याकडे एक प्रत ठेवा, तारीख आणि वेळ दिसेल अशी. उद्या कुणी तुमचे शब्द बदलून फिरवले तर तुमच्याकडे मूळ असेल. आणि डिलीट केल्यावर ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला जाऊन सांगा. त्याच्याकडे ती पोस्ट पोचलेली असू शकते, आणि तुम्ही ती काढली हे त्याला अजून माहीत नसेल.
>
> फक्त एका बाबतीत प्रत ठेवायची नाही. कुणाही मुलाचा किंवा मुलीचा उघडा फोटो तुमच्याकडे आला तर तो साठवायचा नाही, पुढे पाठवायचा नाही. त्याच दिवशी घरच्यांना किंवा शिक्षकांना सांगायचं. सांगणाऱ्याची यात काहीच चूक नसते.
>
> आता प्रतींच्या दुसऱ्या बाजूला या. ज्या मुलीकडे तो स्क्रीनशॉट आहे, ती मुलगी आपल्यातली कुणीही असू शकते. पोस्ट टाकणाऱ्याने ती काढून टाकलीय. उरलेली प्रत तिच्या फोनमध्ये आहे. ती काढायची की दाखवत फिरायचं, हे आता तिच्या हातात आहे. तुमच्या फोनमध्ये अशी एखादी प्रत असेल तर आज घरी जाऊन बघा.
>
> धन्यवाद.

भाषणात मी वेबॅक मशीन आणि शोधयंत्र मुद्दाम घेतलेलं नाही. शाळेतल्या मुलांच्या बाबतीत प्रती बहुधा एकमेकांच्या फोनमध्ये असतात, आणि पाच मिनिटांत सगळं कोंबलं तर काहीच लक्षात राहत नाही. पण तुझ्या शाळेत पडदा असेल आणि शिक्षकांनी दोन मिनिटं जास्त दिली, तर एक छोटा प्रयोग करून दाखव. संगणकाच्या शिक्षकांना शाळेच्या वेबसाइटवर एक चाचणीचं पान टाकायला सांग, त्यात ‘ही ओळ उद्या नसेल’ एवढंच वाक्य. मग web.archive.org/save या पत्त्यावर त्या पानाचा पत्ता देऊन प्रत जमा कर. ती झाली की जुन्या प्रतीचा पत्ता असा काहीसा दिसतो:

```
https://web.archive.org/web/20250714101522/https://example.com/chachani
```

मधले चौदा आकडे म्हणजे प्रत कधी घेतली ते: आधी वर्ष, मग महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद. वेळ ग्रीनिचची असते, तुझ्या घड्याळाशी जुळणार नाही, म्हणून प्रयोग चुकला असं समजू नकोस. दुसऱ्या दिवशी शिक्षक पान काढतील. परिपाठात आधी शाळेचा पत्ता उघडून पान नाही हे दाखव, मग हा लांब पत्ता उघड. पान काढलेलं आहे आणि तरी वाक्य समोर आहे, हे बघितल्यावर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. प्रयोगासाठी खऱ्या मुलाची पोस्ट मात्र कधीच वापरू नकोस, त्याने होकार दिला तरी. जमा केलेली प्रत तुला स्वतःला काढता येत नाही. ती काढण्यासाठी info@archive.org या पत्त्यावर ईमेल करावा लागतो आणि निर्णय ते घेतात.

भाषणानंतर दोन प्रश्न हमखास येतील. पहिला: ‘माझं खातं खाजगी आहे, मग?’ शोधयंत्र आणि वेबॅक मशीन या दोन जागा त्यामुळे जवळजवळ बंद होतात. फोनमधले स्क्रीनशॉट आणि सूचना तशाच राहतात, कारण पाहणारे तूच निवडलेले असले तरी त्यांच्याकडे प्रत काढायची सोय तीच आहे. दुसरा प्रश्न: ‘पोलीस डिलीट केलेलं परत काढू शकतात का?’ यावर फार आत्मविश्वासाने बोलू नकोस. कंपन्यांच्या सर्व्हरवर डिलीट केलेली माहिती काही काळ राहते. फेसबुकचं खातं कायमचं डिलीट केलं तर सगळं पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, असं ती कंपनी स्वतः सांगते. त्या काळात कायदेशीर मार्गाने ती मागता येते का, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर आणि प्रकरणावर अवलंबून असतं. तुझा विषय लोकांना काय दिसतं हा आहे, तेवढ्यापुरतंच उत्तर दे.

प्रयोग करणार असशील तर दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट आदल्या दिवशीच काढून ठेव, म्हणजे सभागृहात नेट चाललं नाही तरी अडणार नाही.